उसनी छाती

नीलेश मोरेने कंपनीच्या मेडिकलला आपल्या जागी बारकूला उभं केलं, तेव्हा आपण काही लबाडी करतोय असं त्याला वाटलंच नव्हतं. रूमवर माणसं एकमेकांची चप्पल घालतात, एकमेकांचा डबा खातात, तशी त्याने बारकूची छाती उसनी मागितली होती.

मागायला कारण होतं. गेले चार महिने रात्री पाठ टेकली की त्याचं काळीज धडधडायला लागायचं. दिवसभर यार्नच्या, म्हणजे सुताच्या, मशीनवर बारा तास उभं राहताना काही नाही, जिना चढताना काही नाही, आणि गादीवर आडवा झाला की कानाशी धाड धाड सुरू. मग तो उठून बसायचा, पाणी प्यायचा, भिंतीला टेकून मेलो की काय याचा अंदाज घेत राहायचा.

शेजारच्या गादीवर बारकू सोनवणे. एकाच गावचा, शहाद्याकडचा, नीलेशपेक्षा सहा वर्षांनी मोठा, आणि सिल्व्हासात नीलेशला आणलं तेही त्यानेच. तो पिपरिया भागात ठेकेदाराकडे माल चढवायच्या कामावर होता. पंचवीस किलोचा खोका खांद्यावर असा घ्यायचा जसा आपण टॉवेल घेतो. रात्री नीलेश उठून बसला की बारकू डोळे न उघडता म्हणायचा, "चाय कमी पी भो. झोप." बस्स, एवढंच औषध.

जूनमध्ये कंपनीच्या गेटवर तपासणीची गाडी आली. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढणार म्हटल्यावर नीलेशचं धाबं दणाणलं. पट्टीत काही निघालं तर मशीनवरून काढतील, आणि मशीनवरून काढलं तर गावी परत. ठेकेदाराच्या माणसांची तपासणी नव्हतीच, त्यामुळे बारकू मोकळा होता. गाडीत कोण कुणाचा फोटो बघतो? यादीतलं नाव पुकारलं, बारकूने "हां" म्हटलं, शर्ट काढून झोपला, पट्टी निघाली, पाच मिनिटांत बाहेर. बाहेर आल्यावर छाती ठोकून म्हणाला, "मनी छाती दगड शे. जाय, आता निवांत झोप." त्या रात्री नीलेश खरोखर निवांत झोपला.

नऊ दिवसांनी पर्सनलच्या आशिष साहेबांनी त्याला बोलावलं. हे पुण्याचे, बोलायला मऊ. त्यांनी समोर पट्टी टाचलेला कागद ठेवला आणि पाण्याचा ग्लासही ठेवला. ग्लास बघूनच आपलं काही खरं नाही हे नीलेशने ओळखलं.

"घाबरू नका मोरे. तुमच्या पट्टीत दोष दिसतोय. हृदयाच्या डॉक्टरचं फिट सर्टिफिकेट आणेपर्यंत मशीनवर यायचं नाही. आजच जा."

नीलेश कागद घेऊन बाहेर आला आणि सायकल स्टँडच्या कट्ट्यावर बसला. पहिल्यांदा डोक्यात आलं ते हेच, की आपण मेलो. पट्टी आपली नाहीच हे सुचायला त्याला पाच मिनिटं लागली, आणि सुचल्यावरही त्याने मनाशी ठरवलं काय, तर गाडीवाल्यांचीच काहीतरी गडबड असणार. बारकूच्या छातीत दोष? डोंगराला सर्दी झाली म्हणण्यासारखं होतं ते. आपण जाऊन खरी पट्टी काढू, चांगली निघाली की सर्टिफिकेट मिळेल आणि प्रकरण संपेल, असा हिशेब करून तो टोकरखाड्याजवळच्या दवाखान्यात गेला.

तिथल्या डॉक्टर ज्योतीबाई मूळच्या नाशिकच्या, आठवड्यातून तीन दिवस बसायच्या, खास हृदयाच्या. त्यांनी कंपनीचा कागद पाहिला, कपाळाला आठी घातली आणि त्याला लगेच टेबलावर झोपवून पट्टी काढली. नवी पट्टी त्यांनी कंपनीच्या पट्टीशी ताडून पाहिली. मग रक्तदाब घेतला, छातीला नळी लावली, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली.

"दिवसाला चहा किती?"

"सात... आठ. नाइटला जास्त."

"तंबाखू?"

नीलेशने खिसा झाकला.

"जेवण कधी?"

"सुटल्यावर. अकरा वाजतात. मग लगेच आडवा होतो."

"डाव्या कुशीवर?"

तो चकितच झाला. बाईंना कूस कशी कळली?

"डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला जवळ येतं, ठोका जास्त जाणवतो," त्या म्हणाल्या. "दिवसभर मशीनच्या गोंगाटात असता, रात्री सगळं शांत होतं, उशीला कान लागतो, मग आपलेच ठोके मोठे वाटतात. त्यात चहा, तंबाखू, भरलं पोट, अपुरी झोप. उकाड्यात घाम गाळून पाणी कमी पिता तेही. आणि भीती. ठोका ऐकला की घाबरता, घाबरलं की ठोका वाढतो. सर्दीची गोळी घेतलीत तर तीही वाढवते. रक्त आणि थायरॉइड तपासून घेऊ, पण तुमची ही पट्टी स्वच्छ आहे."

नीलेशच्या अंगातून वारं निघून गेल्यासारखं झालं. चार महिन्यांचं भूत एका वाक्यात उतरलं. त्याला तिथेच हसू यायला लागलं होतं.

बाई मात्र हसत नव्हत्या. "आता मी विचारते ते नीट आठवून सांगा. काम करताना कधी चक्कर येऊन पडलात? शुद्ध हरपली?"

"नाही," नीलेश म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याला मार्चमधली दुपार आठवली. ट्रकच्या फळीवर बारकू खोक्यासकट कोसळला होता. पाणी मारल्यावर उठून बसला आणि "ऊन लागनं" म्हणत उरलेला ट्रक भरून मोकळा झाला. रूमवर सगळे दोन दिवस त्यावर हसले होते.

"ओझं उचलताना छातीत दुखतं? दम लागतो?"

"नाही." बारकू हल्ली जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून बिडी पेटवायचा. बिडी पेटवायला जिन्यातच का थांबतो, हे नीलेशने कधी विचारलं नव्हतं.

"बसल्या बसल्या अचानक ठोके पळायला लागतात, वाकडेतिकडे पडतात, थांबता थांबत नाहीत?"

"नाही."

"घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय? भाऊ, वडील?"

नीलेशला आता उत्तर देता येईना. बारकूचा धाकटा भाऊ लखन. बावीस वर्षांचा. कबड्डी खेळताना रेषेवर पडला तो उठलाच नाही. गावाने बाहेरचं काहीतरी लागलं म्हणून सोडून दिलं होतं.

बाईंनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवर लहान लहान सारख्या उड्या. दुसरीवर रेघ उंच उंच चढलेली आणि प्रत्येक चढावानंतर खाली खोल खड्डा.

"या दोन एका छातीच्या वाटत नाहीत. यात नाव तुमचं आहे. माणूस कोण आहे?"

"गाडीवाल्यांनी चुकून..."

"असेल. मग ज्याची आहे त्याला ठाऊक नाही. यात हृदयाची भिंत जाड झालेली असू शकते. नक्की सोनोग्राफीत कळेल. पण ज्याची अशी पट्टी आहे आणि जो कधी पडला असेल, ज्याच्या घरात तरुण माणूस गेलं असेल, त्याने ओझं उचलायचं नाही. आज नाही, आत्ता नाही. तुम्ही शेवटच्या प्रश्नाला गप्प झालात."

खरं सांगितलं तर नोकरी जाते. आशिष साहेब मऊ असले तरी फसवणूक ती फसवणूक. हे मनात आलं आणि नीलेशला स्वतःची शिसारी आली. समोर माणसाचा जीव टांगलेला आणि हा मशीनचा विचार करतोय. भित्रा तो भित्राच. त्याच्या त्या भित्रेपणापायीच बारकू त्या गाडीत झोपला होता.

"माझा भाऊ आहे," तो म्हणाला. "गावातला. बारकू. मीच पाठवला त्याला माझ्या नावावर. तो आत्ता ट्रक भरतोय."

बाईंनी फोन लावायला सांगितला. बारकू कामावर फोन पिशवीत ठेवायचा. घंटी वाजत राहिली.

"जा. पळवू नका त्याला, घाबरवू नका. बसवून, गाडीत घालून आणा. पडला तर एकशे आठला फोन, आणि श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरात, भरभर दाबत राहायचं, गाडी येईपर्यंत."

पिपरियापर्यंत रिक्षाला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात नीलेशने चार वेळा फोन लावला. त्याचं स्वतःचं काळीज भर दुपारी धाड धाड वाजत होतं आणि त्याला त्याची आता काडीची पर्वा नव्हती.

शेडबाहेर ट्रक अर्धा भरला होता. बारकू फळीच्या खालच्या टोकाला, खांद्यावर खोका, एक पाय फळीवर. नीलेशच्या तोंडात हाक आली आणि त्याने ती गिळली. दचकला तर? तो चालत गेला, पुढून गेला, आणि दोन्ही हातांनी खोका धरला.

"भाऊ, हा माझ्याकडे दे."

"काय व्हयनं रे?" बारकू हसला. "पट्टी फेल जायी का तुनी?"

"दे ना."

खोका नीलेशच्या अंगावर आला तेव्हा त्याचे गुडघे वाकले. कसाबसा तो खाली ठेवून त्याने बारकूला खोक्यावर बसवलं. बारकूचा चेहरा घामाने भिजलेला, ओठ फिकट. इतके दिवस तो असाच दिसत असणार. आपण बघितलं नाही.

नीलेशने सगळं सांगितलं. लखनचं नाव निघालं तेव्हा बारकूने मान खाली घातली.

"रातले माले बी व्हस," तो हळूच म्हणाला.

"काय होतं?"

"तेच. तुले व्हस तेच. पडल्यावर धाड धाड. कधी मधीच थांबस, मग पळस. साल व्हयनं." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "तू उठीसन बसे, तवय मी बी जागाच ऱ्हाये. माले वाटे, तुले चायनं व्हस, तसं माले बी चायनंच. तू एवढा घाबरस. मी बी बोलतू तर तू झोपताच नई."

चार महिने दोघं एका भिंतीला डोकं लावून पडले होते, दोघांची छाती वाजत होती, आणि ज्याची निरोगी होती तो बोंब मारत होता.

दवाखान्यात बारकूला चालवू दिलं नाही. चाकाच्या खुर्चीवरून नेलं, टेबलावर झोपवलं, छातीला वायरी चिकटवल्या. ज्योतीबाई मोठ्या इस्पितळाशी फोनवर बोलत होत्या. बाहेरच्या बाकावर नीलेशने आशिष साहेबांना मेसेज लिहिला, चार ओळींचा, काही न लपवता, आणि पुन्हा न वाचता पाठवून टाकला. मग तो आत आला.

मशीनवाल्या सिस्टरने पेन उघडलं. "पेशंटचं नाव?"

बारकूने वायरींखालून मान वळवली. गेल्या वेळी ज्या नावाला "हां" म्हटलं होतं तेच त्याच्या तोंडाशी आलेलं दिसत होतं.

"कोणाचं सांगू भो?" त्याने विचारलं.

"तुझं," नीलेश म्हणाला. "बारकू सोनू सोनवणे. तुझंच लिहायला सांग."