राउटरपर्यंत सगळं ठीक

थोरला एका इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागात कामाला होता. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या ऐकायच्या, समोरच्या पडद्यावर त्यांची लाइन तपासायची आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य सुनावायचं, "राउटरपर्यंत सगळं ठीक आहे, त्यापुढचं तुमच्या कॉम्प्युटरचं." वाक्य खरं होतं आणि त्याहून जास्त सोयीचं होतं. एकदा ते बोललं की कंपनीला हात वर करता येत.

संध्याकाळी हाच माणूस कॅप्टन व्हायचा. पाच जणांची टीम, जो तो आपापल्या घरून खेळणारा, आणि आठवड्याच्या शेवटी दुसऱ्या टीमशी रीतसर सामना. थोरला डावपेच आखायचा, पण सामने जिंकून द्यायचा धाकटा भाऊ. दोघांच्या खोल्या शेजारीशेजारी, राउटर मधल्या बोळात, तिथून दोन केबली दोन खोल्यांत गेलेल्या. धाकट्यानं वर्षभर पै-पै साठवून कॉम्प्युटर जोडला होता, आणि त्यावर धूळ बसली तरी त्याचा जीव खालीवर व्हायचा.

नव्या कॉम्प्युटरवर आल्यापासून धाकटा मध्येच गायब होऊ लागला. सामना रंगात आलेला असायचा आणि याचा खेळाडू पुतळ्यासारखा उभा राहायचा. समोरचे येऊन त्याला आरामात टिपून जायचे. थोड्या वेळानं नेट आपोआप परत यायचं, तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असायचं. कधी दोन दिवस काही नाही, कधी एका सामन्यात दोनदा.

"दादा, कोपऱ्यातल्या नेटच्या खुणेवर फुली येते रे," धाकटा सांगायचा. "केबल काढल्यावर येते ना, तशी."

त्यानं केबल बदलली, राउटरचं भोक बदललं, गेम काढून पुन्हा टाकला. फरक शून्य.

टीममध्ये कुजबुज सुरू झाली. हरायला लागलं की हा केबल ओढतो, म्हणजे पराभव नेटच्या माथी. चष्मिष नावाचा एक होता, तो तर उघडच म्हणाला, "कॅप्टन, तुमच्या घरात एकच राउटर ना? मग तुझं नेट जात नाही, त्याचंच कसं जातं?"

हा प्रश्न थोरल्याच्या डोक्यात रुतून बसला. त्यानं कंपनीत आपल्याच घरची लाइन तपासली. महिनाभरात ती एकदाही पडली नव्हती. झालं, निकाल लागला! रोज शंभर गिऱ्हाइकांना सांगायचं, राउटरच्या पुढे कॉम्प्युटरही असतो म्हणून. सख्ख्या भावाची वेळ आली तेव्हा राउटरच्या पुढे त्याला फक्त भावाचा हात दिसला. आणि जिंकत असतानाही धाकट्याचं नेट जायचं, ते मात्र कुणी मोजलंच नाही. जिंकल्यावर कोण हिशेब मागतं?

"खरं सांग, ओढतोस ना?" एका रविवारी दुपारी बोळात उभं राहून थोरल्यानं विचारलं.

"दादा, मी कशाला ओढू?"

"लाइन ठीक आहे. मी स्वतः तपासलीय."

"मग एक दिवस तू बस माझ्या कॉम्प्युटरवर. एकच दिवस बस, तुला कळेल."

"मला नको शिकवूस. हेच काम करतो मी."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, तो खोटं नाही बोलत कधी." थोरल्यानं तिला, "आई, तुला यातलं कळत नाही," म्हणून गप्प केलं. त्याच संध्याकाळी, सगळे ऐकत असताना, त्यानं धाकट्याला टीममधून काढलं. भाऊ असला म्हणून काय झालं, अशी स्वतःची पाठही थोपटून घेतली. धाकटा भांडला नाही, रडला नाही. "बरं," एवढंच म्हणाला. पुढे दुसऱ्या गावी नोकरी मिळाली तेव्हा त्यानं कपडे नेले, पुस्तकं नेली. कॉम्प्युटर मागे ठेवला.

मग थोरल्याचा कॉम्प्युटर ऐन स्पर्धेत बंद पडला आणि तो मुकाट्यानं धाकट्याच्या खुर्चीत जाऊन बसला. उपांत्य सामना. टीम पुढे होती, हातात माउस, बोटं बटणांवर, आणि चित्र गोठलं. कोपऱ्यात फुली. त्यानं वाकून मागे पाहिलं. केबल घट्ट होती, तिच्या टोकाजवळचा बारीक दिवा मात्र विझला होता. त्याच्या डोळ्यांदेखत तो पुन्हा लागला.

हेडफोनमध्ये चष्मिष म्हणत होता, "होतं रे कॅप्टन, नेटचं काय खरं असतं! टेन्शन घेऊ नकोस." केबलीचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या ताईंना विचारलं. ताईंनी मानही वर केली नाही. "नेटवर्क कार्डची वीजबचत बंद केलीयस का? ड्रायव्हर कुठला आहे, जुना?"

घरी येऊन त्यानं पाहिलं. ड्रायव्हर, म्हणजे कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम, सिस्टमनं आपल्या मनानं टाकलेला, जुनाट. आणि वीज वाचवण्यासाठी कार्ड, केबल खोचतात ते, झोपवायची मुभा चालू, वर इथरनेटची, म्हणजे केबलवरच्या जोडणीची, वीजबचतही चालू. खेळात नेटवरून पाठवायचं-आणायचं असतं ते थोडंथोडंच. तेवढ्या फटीत कार्ड डुलकी घ्यायचं, आणि त्या जुनाट ड्रायव्हरला ते धड उठवता यायचं नाही. राउटरशी जोडणीच तुटायची, पुन्हा पहिल्यापासून व्हायची. बाहेरची लाइन बिचारी जागच्या जागी. त्यानं मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घेतला, दोन्ही ठिकाणची वीजबचत बंद केली. चहा निवायच्या आत काम झालं.

पुढचा आठवडाभर नेट एकदाही गेलं नाही. तरी त्यानं खात्रीसाठी जुना ड्रायव्हर परत टाकला, बचत चालू केली. काही होऊ नये, असं त्याला मनापासून वाटत होतं. नेट गेलं नाही तर भाऊ लबाड ठरणार होता, आणि लबाड भाऊ त्याला परवडला असता. दुसऱ्याच सामन्यात, सहज जिंकत असताना, फुली आली.

त्यानं सगळं पुन्हा नीट केलं आणि फोन लावला. सगळं सांगितलं, एकही गोष्ट लपवली नाही. "चुकलो रे मी," म्हणाला.

धाकट्यानं विचारलं, "टीमला कळलं?"

"हो, सांगितलं ना. माझं नेट ड्रायव्हरमुळे गेलं म्हणून."

"तुझं."

थोरल्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्यांनी लगेच मानलं असेल," धाकटा म्हणाला. "आणि तो कॉम्प्युटर माझा आहे, हे सांगितलंस?"

"आता सांगतो. आत्ताच सांगतो. आणि तू परत ये टीममध्ये. तिथून खेळ. कॉम्प्युटर पाठवतो मी, एकदम ठणठणीत आहे आता."

"नको दादा."

"अरे, दोष सापडला ना! आता नाही जाणार नेट."

"नेटचं नाही म्हणत मी," धाकटा म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर थोरल्याला बरं वाटलं असतं. "तुझ्याबरोबर खेळताना आपण हरायला लागलो ना, तर मला भीती वाटेल. नेट गेलं नाही तरी वाटेल."

धाकट्यानं आईची चौकशी केली, तिची गोळ्यांची वेळ सांभाळ म्हणाला, आणि कामाला जायचंय म्हणून फोन ठेवला.