दोन तृतीयांश गुणिले शून्य

जूनच्या त्या आठवड्यात ट्युनिशियातल्या स्फाक्समध्ये इतका उकाडा होता, की विद्यापीठाच्या गणित विभागात खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद, यावरूनच माणसांची भांडणं होत. सौसन त्रीकीने आपल्या खोलीची खिडकी अर्धी उघडी ठेवली होती आणि एक्केचाळीस उत्तरपत्रिका टेबलावर मांडल्या होत्या. नावाचा कोपरा दुमडून चिकटवलेला, त्यामुळे कुठली पत्रिका कुणाची ते कळायला मार्ग नव्हता. विषय संभाव्यतेचा, तिसरं वर्ष. पाच गुणांचा चौथा प्रश्न तिचा लाडका होता.

प्रश्नात एक आकृती होती. चार वर्तुळं, त्यांतली मधली दोन अ आणि ब. दोन टोकांना दुहेरी रेघेची दोन वर्तुळं, शोषक अवस्थांची. तिथे एकदा पोचलं की संपलं, बाहेर पडणारा बाण नाही. अ वरून निघालेला बाण पाव वेळा डाव्या टोकाला जातो, निम्म्या वेळा ब कडे आणि पाव वेळा अ कडेच परत वळतो. ब वरून एक तृतीयांश वेळा अ कडे, एक तृतीयांश उजव्या टोकाला, एक तृतीयांश ब कडेच. अ पासून सुरुवात केली, तर कुठल्या तरी टोकाला अडकेपर्यंत सरासरी किती पावलं पडतील, एवढंच काढायचं होतं.

उत्तर साडेतीन. एक पाऊल तर पडतंच. मग जिथे पोचू तिथून उरलेली पावलं त्या त्या बाणाच्या प्रमाणात मिळवायची. अशी दोन समीकरणं मांडली की दहा ओळींत काम होतं.

बारावी पत्रिका तपासताना उत्तर आलं, अठरा भागिले सात. सौसन हसली. ब वरचा मागे वळणारा बाण विसरला हा. ती उडी जागच्या जागी असली तरी तीही एक पाऊलच, आणि त्यानंतर पुन्हा ब पासूनच चालायचं असतं. ते समीकरणात धरलं नाही, की अठरा सप्तमांशच येतात. तिने दोन गुण कापले. मग पंधरावी पत्रिका, तेच उत्तर. एकोणिसावी, तेच. विसराळूपणाही साथीसारखा पसरतो, असं म्हणत ती पुढे गेली.

तेविसाव्या पत्रिकेत मात्र तिचं पेन थांबलं. त्या विद्यार्थ्याने ब चं समीकरण सविस्तर लिहिलं होतं: एक, अधिक एक तृतीयांश गुणिले अ, अधिक दोन तृतीयांश गुणिले शून्य.

शून्य बरोबर होतं. शोषक अवस्थेत पोचल्यावर उरलेली पावलं शून्यच. पण दोन तृतीयांश कुठून आले? छापलेल्या आकृतीत उजव्या टोकाकडे एकच तृतीयांश जात होता. बाण विसरणारा माणूस एक तृतीयांश गुणिले शून्य लिहील. दोन तृतीयांश हा आकडा त्या कागदावर कुठेच नव्हता.

तो दुसऱ्या कागदावर होता.

तिने तपासलेल्या पत्रिका पुन्हा काढल्या, उरलेल्याही चाळल्या. अठरा सप्तमांश लिहिणारे नऊ जण. त्यांतल्या चौघांनी ते दोन तृतीयांश गुणिले शून्य लिहिलं होतं, बाकीच्यांनी ते पद गाळलं होतं.

आकृतीचा पहिला कच्चा आराखडा तिने मे महिन्यात पेन्सिलने काढला होता. त्यात ब वर मागे वळणारा बाण नव्हता. ब वरून दोन तृतीयांश सरळ उजव्या टोकाला जात होते. त्याचं उत्तर अठरा सप्तमांश. तो कागद तिने फक्त एकाच माणसाला दाखवला होता, सी मुख्तारना.

सी मुख्तार मस्मूदी म्हणजे तिचे गुरू; 'सी' हे तिकडे आदराने नावाआधी लावतात. विभागातले सगळ्यांत जुने प्राध्यापक, यंदा निवृत्त होणार. वीस वर्षांपूर्वी, मासळी विकणाऱ्याची मुलगी म्हणून वर्गात मागे बसणाऱ्या सौसनला त्यांनीच पुढच्या बाकावर आणलं होतं. तिचा प्रबंध त्यांनीच तपासला, तिच्या नेमणुकीसाठी तेच कार्यालयांत खेपा घालत राहिले. कॉफी पिता पिता त्यांनी तिची आकृती पाहिली होती, छान आहे म्हणाले होते, आणि सावकाश सोडवून बघतो म्हणून आपल्या वहीत उतरवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी सौसनला ते सात छेदाचे आकडे आवडेनात. शिवाय मागे वळणारा बाण दोन्हीकडे असला की पोरांची खरी परीक्षा होईल, असं तिला वाटलं. तिने बाण घातला, उत्तर सुबक साडेतीन झालं, आणि कागद स्वतः छपाईला देऊन आली. सी मुख्तारना सांगायचं राहून गेलं. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं तिला वाटलंच नव्हतं.

आणि शोषक अवस्थेचं पद शून्य असलं तरी लिहायचंच, ही शिस्तही त्यांचीच. 'शून्य गिळू नका, कागदावर ठेवा,' असं ते वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले होते. सौसनही तसंच लिहायची.

वर्गात त्यांची मुलगी होती, युसरा. या विषयात दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा राहिली तर नाव कमी होणार. गेलं वर्षभर सौसन दर रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिला शिकवत होती.

दुपारी ती त्यांच्या घरी गेली. सी मुख्तार अंगणात लिंबाच्या झाडाखाली बसले होते. त्यांनी नेहमीसारखं तिच्या आईच्या गुडघ्याबद्दल विचारलं, खुर्ची पुढे केली. सौसनने नऊ पत्रिकांची गोष्ट सांगितली. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, पोरं बाण विसरली असतील, दर वर्षी विसरतात. त्यावर तिने त्या चौघांचं समीकरण एका कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला. त्या एका ओळीवरून बोट फिरवलं. सौसनला अजूनही वाटत होतं, की ते काही तरी सांगतील, वही हरवली म्हणतील, कुणी चोरली म्हणतील, आणि आपण विश्वास ठेवू.

"तू आकृती बदललीस," ते म्हणाले, "आणि मला सांगितलं नाहीस."

एवढंच. तिचीच चूक असल्यासारखं.

"तुम्ही युसराला सोडवून दिलंत?" तिने विचारलं.

"तिच्यापुरतंच दिलं होतं. तिने मैत्रिणींना दाखवलं, त्याला मी काय करू?" त्यांनी कागदाची घडी घातली. "पोरी, नऊ जणांचे दोन दोन गुण काप आणि सोडून दे. बाण विसरले, झालं. वीस वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलंय का?"

नव्हतं मागितलं. तेच तर तिला लागलं. ती उठली. त्यांच्या बायकोने आतून सरबताचे पेले आणले होते, ते तसेच राहिले.

दोन दिवस ती घरात फिरत राहिली. नवऱ्याने, अनीसने, सगळं ऐकून विचारलं, तू गप्प बसलीस तर कुणाचं काय बिघडेल? तेव्हा तिने त्याला बाकीच्या बत्तीस जणांबद्दल सांगितलं. त्यांतल्या सतरा जणांनी साडेतीन काढलं होतं. पाच जण धडपडून अर्ध्या वाटेपर्यंत आले होते. एका पत्रिकेत तर समीकरणं अचूक होती, फक्त शेवटची बेरीज चुकली होती. या लोकांनी छापलेल्या आकृतीकडे बघून पेन उचललं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने विभागप्रमुखांना पत्र लिहिलं. त्यात काही लपवलं नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने ती कुणालाही दाखवायची नाही हा नियम आपण मोडला, हेही लिहिलं आणि कुणाला दाखवली तेही.

चौकशी समिती बसली. समितीत तिघे होते, सगळे सी मुख्तारचे जुने सहकारी, दोघे त्यांचे विद्यार्थी. चिकटवलेले कोपरे उघडले. त्या चौघांत युसराचं नाव होतं. नऊही जणांनी एकच सांगितलं: फोनवर एक फोटो आला होता, तो केव्हाच पुसून टाकला, कुणी पाठवला माहीत नाही. युसरानेही तेच सांगितलं, मान खाली घालून.

सौसनने फळ्यावर दोन्ही आकृत्या काढल्या, दोन्ही समीकरणं मांडली. दोन तृतीयांश गुणिले शून्य हे पद उत्तर बदलत नाही, म्हणून कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही, पण ते छापलेल्या आकृतीतून येऊच शकत नाही, हे तिने दाखवलं. समितीला ते पटलं. प्रश्न फुटला होता, यात शंका उरली नाही.

मग सी मुख्तारना बोलावलं. ते इस्त्री केलेल्या शर्टात आले, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांनी ही आकृती परीक्षेआधी पाहिली होती का, असं अध्यक्षांनी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "बाई सौसनने मला काही दाखवलं नव्हतं. तिची खोली बहुतेक वेळा उघडीच असते. कागद टेबलावर पडलेले असतात. मी तिला पूर्वी एकदोनदा बोललोही होतो."

वीस वर्षांत त्यांनी तिला कधी 'बाई सौसन' म्हटलं नव्हतं. तिने त्यांच्याकडे वळून पाहिलं. ते समोरच्या फळ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता, नुसता थकवा होता. अंगणात ते बोलले तेव्हा तिच्याबरोबर दुसरं कुणी नव्हतं. त्यांची वही बघायला कुणी मागितली नाही. कच्चा आराखडा तिच्याच हातचा, तिच्याच खणातला. नियम मोडल्याची कबुली तिनेच लिहून दिलेली. जे सिद्ध होऊ शकत होतं, ते फक्त तिच्याविरुद्ध.

निकाल आठवड्याने आला. चौथा प्रश्न सगळ्यांसाठी रद्द, सप्टेंबरात सगळ्यांची फेरपरीक्षा. नऊ जणांना ताकीद. सौसन त्रीकी यांना गोपनीयतेतल्या हलगर्जीबद्दल लेखी ठपका, दोन वर्षं प्रश्नपत्रिका काढायची नाही. सी मुख्तारचं नाव निकालात कुठेच नव्हतं. साडेतीन काढलेल्यांतली एक मुलगी जिन्यात तिला भेटली आणि म्हणाली, "आमची काय चूक होती, मॅडम?"

सप्टेंबरात दुसऱ्याच कुणी पेपर काढला. युसरा पास झाली. रविवारच्या शिकवण्या जूनमध्येच थांबल्या होत्या, पण वर्षभराचं शिकवलेलं कामी आलं असावं.

निकालानंतर युसरा सौसनच्या खोलीत आली. हातात बदामाच्या मिठाईचा खोका होता, वर रेशमी फीत. तिने तो टेबलाच्या कडेला ठेवला.

"बाबांनी पाठवलाय. म्हणाले, तुम्ही रागावलेल्या असाल तरी द्यायचाच."

सौसनने तिला बसायला सांगितलं. मग विचारलं, "समितीसमोर ते असं का बोलले, तू विचारलंस त्यांना?"

युसरा फितीशी चाळा करत राहिली. "विचारलं. ते म्हणाले, तुमची नोकरी पक्की आहे, तुम्ही तरुण आहात, एका ठपक्याने तुमचं काही जायचं नाही. त्यांचं मात्र सगळं गेलं असतं. पेन्शन, निरोपसमारंभ, नाव. आणि माझं वर्ष." तिने फितीवरचा हात काढला. "ते म्हणाले, त्यांनी आधीच विचार केला होता. तुम्ही सोसाल, असं त्यांना माहीत होतं."

सौसनला वाटलं होतं, की ते घाबरून खोटं बोलले असतील. घाबरलेल्या म्हाताऱ्याला तिने कधी ना कधी माफ केलं असतं.

"खोका परत घेऊन जा," ती म्हणाली.

"मी काय सांगू त्यांना?"

"मी घेतला नाही, एवढंच सांग."

युसरा रडायला लागली. सौसनने तिला पाणी दिलं, तोंड पुसायला रुमाल दिला, पुढच्या वर्षी कुठले विषय घेणार ते विचारलं, आणि खोका तिच्या हातात देऊन दारापर्यंत सोडायला गेली. ऑक्टोबरात सी मुख्तारचा निरोपसमारंभ झाला. मोठ्या सभागृहात भाषणं झाली, फोटो निघाले. त्या वेळी सौसनचा तास होता, आणि तिने तो घेतला.