बंद खोलीचं माप

"इथं पंखा बंद करून मरायचं, आणि बिल बघावं तर बर्फाच्या कारखान्याचं."

खैरून हे मला म्हणाली नाही. हातातल्या शर्टाच्या खिशाला म्हणाली. पण आमच्या दोघींच्या स्टुलांमध्ये वीतभर अंतर, त्यामुळं खिशाच्या आधी मलाच ऐकू आलं. मी धागे कापत राहिले. तीही कापत राहिली. दोघींच्या मध्ये विजेचं बिल पडलेलं होतं, नऊ हजार दोनशेचं.

आमचा धंदा सांगायला सोपा आहे. चाकणकडच्या कंपन्यांचे युनिफॉर्म शिवून झाले की ठेकेदार ते आमच्याकडं टाकतो. आम्ही खिशावर कंपनीचं चिन्ह आणि कामगाराचं नाव भरून देतो. हातानं नाही, कॉम्प्युटरवालं मशीन आहे. ते दोघींनी अर्धे अर्धे पैसे घालून तीन वर्षांपूर्वी घेतलं. मशीन ठेवलं माझ्या घरी, रहाटणीत, भाड्याच्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये, कारण खैरूनच्या काळेवाडीच्या घरात ते दारातून आत जाईना. नफा अर्धा अर्धा. आणि माझ्या घराचं भाडं, वीज, इंटरनेट यातला काही हिस्सा धंद्यानं मला द्यायचा, हे तेव्हाच ठरलं. विजेचं बिल निम्मं, इंटरनेटचं निम्मं. भाडं अठरा हजार. खोल्या तीन, त्यातली एक धंद्याची, म्हणून सहा. खाटेवर बसून, चहा पिता पिता ठरवलं होतं. तेव्हा विजेचं बिल तीन हजाराच्या आत यायचं.

आता ते नऊ हजारांवर का गेलं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. हॉलच्या भिंतीपलीकडं ते घरघरत होतं.

ती रवीची खोली. रविराज, माझा मुलगा. चौदा महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी तो काहीतरी आणायला म्हणून मोटारसायकल घेऊन निघाला. जिन्यातून ओरडला, "पप्पा, एसी राहू दे चालू, आलोच." रात्री आम्ही दोघंच हॉस्पिटलातून परत आलो. एसी चालूच होता. माझ्या नवऱ्यानं, मारुतरावांनी, तो तसाच ठेवला. मीही ठेवला. दार ओढून घेतलं, एवढंच.

तेव्हापासून तो चालू आहे. दिवस-रात्र, बावीसवर. त्याचं पाणी गॅलरीतल्या बादलीत पडतं, त्या पाण्यानं मी लादी पुसते. फुकट जाऊ देत नाही. माणूस कशातही काटकसर करू शकतो.

इंटरनेटही रवीच्याच नावावर, त्याच्या खेळांसाठी घेतलेलं, सगळ्यात वेगवान. आम्हाला त्यावरून डिझाइनच्या फायली येतात, दिवसाला दोन-तीन. प्लॅन बदलायचा तर ओटीपी त्याच्या फोनवर येणार, आणि फोन आत टेबलावर चार्जिंगला. म्हणून महिन्याला अकराशे ऐंशी. म्हणून त्याच्या फोनलाही रिचार्ज.

बिलं मी भरते. अर्धं धंद्याच्या वहीत लिहिते. मारुतरावांना अर्धं-अर्ध्याचं कधी सांगितलं नव्हतं. चाकणला तिसऱ्या शिफ्टला जाणाऱ्या माणसाला घरात वेगळं काय सांगायचं. त्यांना वाटायचं, सगळं त्यांच्याच पगारातून जातंय. मला काही वाटायचंच नाही. वहीत आकडा लिहिताना बोट दुखायचं, तेवढंच.

त्या दुपारी खैरूननं शर्टाची घडी घातली आणि या खेपेला माझ्याकडं बघून म्हणाली, "कस्तुराताई, राग मानू नका. काळेवाडीत एक गाळा बघितलाय. सात हजार भाडं. मीटर वेगळं."

"मशीन?"

"मशीन दोघींचं. तुम्ही यायचं तिकडं."

मी जाणार नाही हे तिला ठाऊक होतं. मलाही. दोन-तीन स्टॉप लांबचा गाळा, पण मी चौदा महिन्यांत किराणा दुकानापलीकडं गेले नव्हते. खैरून सकाळी दहाला यायची म्हणून मी नऊला अंघोळ करायचे. ती गेली, तर मी आणि ते घरघरणं.

"निघायच्या आधी एकदा बघू तर काय ते," मी म्हणाले. "इफ्फतला विचारू."

इफ्फत तिची मुलगी. पिंपरीला एका सीएच्या ऑफिसात काम करते. आमचे टॅक्सचे कागद तीच बघते. फोनवरच ती करवादली, "अम्मी, मी कधीची सांगतेय! निम्मं म्हणजे काय? कशावरून निम्मं? उद्या कुणी विचारलं तर काय, चहा पिताना ठरलं म्हणून सांगायचं?"

मग तिचे अब्बा, अजिमभाई, आले. ते एका कंपनीत मेन्टेनन्सला आहेत. त्यांनी मशीन, इस्त्री आणि कामाच्या जागेवरचा दिवा-पंखा यांची लाइन वेगळी काढली आणि हॉलच्या कोपऱ्यात एक छोटा सबमीटर बसवला. "हा खोटं बोलत नाही," ते म्हणाले, आणि रवीच्या दाराकडं न बघता चपला घालून गेले. सगळेच तसं जातात.

महिनाभर तो मीटर फिरला. खैरूननं गाळ्याच्या मालकाला तेवढीच मुदत मागून घेतली होती. पंखा तिनं चालू ठेवला. "आता मोजतोय ना कुणीतरी," म्हणाली.

रविवारी सकाळी इफ्फत टेप आणि लॅपटॉप घेऊन आली. खैरून सोबत. मारुतराव शिफ्टवरून यायचे होते.

"एकूण युनिट पाचशे ऐंशी," इफ्फत म्हणाली. "त्यातले सबमीटरवर एकशे दहा. म्हणजे धंदा पाचवा हिस्सासुद्धा वापरत नाही, काकू. बिल या महिन्यालाही नऊ हजार दोनशेच. युनिटच्या हिशोबानं धंद्याचे साडेसतराशे होतात. तुम्ही घेताय सेहेचाळीसशे."

मी मान हलवली.

"आणि हे साडेसतराशेही जास्तच आहेत. युनिट वाढले की वरच्या टप्प्याला दर वाढतो. जुन्या बिलांत तुमचं घर नि धंदा मिळून दोनशे चाळीसच्या आसपास. तेवढंच असतं तर बिल तीन हजाराच्या आत, आणि धंद्याचे तेराशेच्या आसपास. वरचा महाग दर धंद्यामुळं लागत नाही, मग तो धंद्यानं का भरायचा?" ती थांबली. लॅपटॉपकडं बघत हळूच म्हणाली, "खरं तर तीन हजारातले तेराशे म्हणजे जवळजवळ निम्मेच. तुमचं अर्धं-अर्धं तेव्हा बरोबर होतं, काकू."

"तेव्हा," खैरून म्हणाली आणि जीभ चावली.

इंटरनेटचं तिनं पटकन उरकलं. धंद्याला जो स्वस्तातला प्लॅन पुरला असता, त्याच्या निम्मे धंद्याचे, बाकीचे घराचे. कोण किती फायली बघतं त्याला काही सबमीटर नसतो. मग ती टेप घेऊन उठली. "भाडं खोल्यांवर नाही, जागेवर लावू. आणि हॉल संध्याकाळी तुमचाच असतो, तोही धरू."

आम्ही टेपचं एकेक टोक धरलं. हॉल, त्यातला मशीनचा भाग, स्वयंपाकघर, आमची खोली. इफ्फत आकडे बोलायची, खैरून लिहायची. टेप गुंडाळत इफ्फत त्या दारापाशी आली आणि उभी राहिली. दाराखालून गार हवा येते तिथं. तिच्या पायांना लागली असणार. तिनं पाऊल मागं घेतलं.

"ही बाहेरून अंदाजानं धरू," ती म्हणाली. "फक्त, काकू, लिहू कशात? धंद्याची नाही. घराची म्हणावी तर कुणी वापरत..."

"घरातच लिही ना गं," खैरून घाईनं म्हणाली. "कशाला कीस पाडतेस?"

"अम्मी, एवढी भाड्याची जागा आहे, कुठंतरी लिहावीच लागेल."

तेवढ्यात लॅच वाजलं. मारुतराव. खांद्याला डब्याची पिशवी, डोळे लाल. दारातच त्यांनी टेप बघितला, मग सबमीटर, मग लॅपटॉप.

"काय चाललंय?"

"काही नाही, भाऊ, हिशोब," खैरून म्हणाली. "बसा. चहा टाकू?"

"कसला हिशोब?"

मी सांगितलं. विजेच्या बिलाचं अर्धं धंद्यातून जातं. मशीन आल्यापासून. आवाज माझाच होता, पण शेजारच्या घरातून यावा तसा. महिन्याला जास्तीचे अठ्ठावीसशे, त्यातले निम्मे खैरूनचे. चौदा महिने. असे वीसेक हजार.

"खैरूनचे?" ते म्हणाले.

"सगळेच महिने इतकं नसणार, काका," इफ्फत म्हणाली. "थंडीत एसी कमी ओढतो."

मारुतरावांनी पिशवी खाली ठेवली. या माणसानं आयुष्यात कुणाची उधारी पानाच्या टपरीवरसुद्धा ठेवली नाही. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दुसऱ्यानं चहाचे पैसे दिले, तर दुसऱ्या दिवशी मोजून परत करतात आणि चेष्टा ऐकून घेतात. ते खैरूनकडं बघत राहिले. ती अजून उभीच होती, घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला.

"तुम्ही पंखा बंद करून बसायच्या," ते म्हणाले. "मी बघितलंय. जागा झालो की दिसायचं. मला वाटायचं, धागे उडतात म्हणून."

"अहो भाऊ, सोडा ना. पैशाचं नाही हो ते."

"पैशाचंच आहे," मारुतराव म्हणाले. "वहिनी, मला वाटत होतं माझ्या पगारातून चाललाय. माझं मी बघतोय. म्हणून बोललो नाही कुणाला काही."

मशीन बंद होतं, त्यामुळं ते घरघरणं नीट ऐकू येत होतं. बादलीत थेंब पडत होते.

ते दारापाशी गेले. इफ्फत बाजूला झाली. त्यांनी कडी काढली, आत गेले. हॉलमध्ये गार हवेचा लोट आला, आणि थोड्या वेळानं एक टीं असा बारीक आवाज. मग घरघर कमी होत होत थांबली. घर इतकं शांत झालं की मला माझंच श्वास घेणं जड जड ऐकू आलं.

ते दारात आले. रिमोट हातात तसाच. इफ्फतच्या हातातलं टेपचं टोक घेऊन आतल्या भिंतीला लावून धरलं.

"माप घे," ते म्हणाले.

तिनं माप घेतलं. "दहा बाय दहा." मग पेन वहीवर टेकवून ती थांबली. "काका, कुणाच्या नावानं लिहू?"

मी खाली बघितलं. खैरूनही.

"कुणाच्याच नावानं नको," मारुतराव म्हणाले. "रिकामी खोली, असं लिही. रवी गेला, बाळा. तो आता येणार नाही."