पायलचा सातबारा

माझ्या धाकट्या जावेनं, पायलनं, मोताळ्याजवळ दोन एकराचा गट घेतला तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. लपवत नाही. रजिस्ट्री झाली त्या दिवशी तिनं गल्लीभर पेढे वाटले आणि मला इतरांपेक्षा दोन जास्तच दिले. तेच जास्त झोंबलं.

आमच्या नावावर मातीचं ढेकूळ नाही. नवरा म्हणतो, भावाचं ते आपलंच. त्याला काय जातंय म्हणायला!

सातबारा फोनवर कुणालाही बघता येतो. भाकरी झाल्या की मी रोज पायलचा गट नंबर टाकायची. आलं का बाईसाहेबांचं नाव? नाही. विकणाऱ्या निवृत्तीकाकांचंच होतं आणि खाली ‘प्रलंबित फेरफार’ दिसायचा, म्हणजे मालकाचं नाव बदलायची नोंद अजून अडकलेली. मग मला छान झोप लागायची.

एकदा सहज विचारलं, तर पायल म्हणाली, "रजिस्ट्री झाली ना ताई, आता काय राह्यलं?"

मग निवृत्तीकाका वारले. पुढे चावडीच्या ऑनलाइन नोटिशीत दिसलं की त्यांच्या मुलांनी वारस नोंदीचा अर्ज दिलाय, सगळ्या गटांवर, पायलच्या गटासकट. हरकत घ्यायची मुदत संपत आली होती.

मजा वाटली. खोटं कशाला बोलू? पण पायलचं शेत गेलं तर सासूबाई तिलाच कुरवाळत बसतील, नवराही ‘बिचारी’ म्हणेल, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी तडक तिच्या घरी गेले.

"पेढे वाटत बसली, फेरफार कोण पाहीन?" फोन तिच्या हातात कोंबला. तिनं कपाटातून खरेदीखत काढलं आणि आम्ही तलाठ्याकडे गेलो.

तलाठ्यानं खरेदीखत चाळलं. "खरेदी खरी हाय. पण दप्तरात अजून निवृत्तीच मालक दिसून राह्यला. पीकविमा, कर्ज, भरपाई, सारं सातबारा पाहून भेटते. तुमच्या नोंदीची नोटीस निवृत्तीले पोचलीच नाही, वापस आली. म्हणून मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली नाही. तुम्ही विचारायले काऊन नाही आले?"

पायलनं लेखी हरकत दिली, खरेदीखताची नक्कल जोडली. सुनावणीत काकांच्या मुलांनी खरेदी कबूल केली. त्यांनी आपले बापाच्या नावावर दिसले तेवढे गट लिहिले होते. पायलची नोंद प्रमाणित झाली आणि तो गट वारस नोंदीतून निघाला.

सातबाऱ्यावर तिचं नाव आधी मलाच दिसलं. शेजारी फेरफार क्रमांक, खाली ‘प्रलंबित फेरफार: नाही’. तिला दाखवलं तर ती गळ्यातच पडली. "ताई, तुम्ही माह्यासाठी रोज पाह्यत होत्या?"

"हाव. मंग कोणासाठी?"

रात्री भाकरी झाल्या आणि सवयीनं गट नंबर टाकला. तिचं नाव तिथंच होतं, ठळक. आता कुणी हलवणार नव्हतं आणि माझं जळणंही काही थांबणार नव्हतं.