धाकट्या खोलीचा बोर्ड

रतन ओव्हाळ सर महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले, पण फळ्यावर लिहायची सवय काही सुटली नाही. इलेक्ट्रिशियनला पाठवायची मेलसुद्धा ते धडा शिकवावा तशी लिहीत होते. समाधान नावाच्या त्या इलेक्ट्रिशियननेच फोनवर सांगितलं होतं, "मेल करा सर. काय काय हवं ते सगळं लिहा. व्हॉट्सअॅपवर गोष्टी वर सरकतात आणि हरवतात."

सरांनी चष्मा पुसला आणि लिहिलं :

"येरवड्यातील आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचे संपूर्ण वायरिंग बदलायचे आहे. बांधकाम चाळीस वर्षांपूर्वीचे आहे. कृपया एकच ठोक आकडा न देता प्रत्येक बाबीचा दर वेगळा लिहावा. सामान वेगळे, मजुरी वेगळी. कोटेशनमध्ये पुढील गोष्टी असाव्यात : प्रत्येक खोलीतले दिवे, पंखे आणि प्लगचे पॉइंट, स्वयंपाकघरात फ्रिज, मिक्सर व मायक्रोवेव्हसाठी वेगवेगळे प्लग, गीझरला आणि दोन्ही बेडरूमच्या एसीला स्वतंत्र जाड वायर व स्वतंत्र एमसीबी, शॉक बसू लागताच वीज तोडणारे यंत्र, अर्थिंग तपासून नवीन करणे. तारा तांब्याच्या, आयएसआय मार्कच्या असाव्यात, कंपनीचे नाव लिहावे. भिंतीला झिरी मारणे, नंतरचे प्लास्टर आणि राडारोडा उचलणे यांचा खर्च धरला आहे की नाही ते कळवावे. काम किती दिवस चालेल, तेही."

इथे ते थांबले. मग एक ओळ वाढवली.

"धाकट्या बेडरूममधला स्विचबोर्ड जमिनीपासून तीन फुटांवर घ्यावा."

मागे उभ्या राहून वाचत असलेल्या त्यांच्या पत्नी कांताबाईंनी विचारलं, "तीनच फूट? मी काय वाकून दिवा लावू?"

"तो बोर्ड तुझ्यासाठी नाही."

कोणासाठी, ते विचारायची गरज नव्हती.

कल्याणी, त्यांची नात. लेक सोनाली लग्न होऊन हडपसरला गेली, म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. पण पाच वर्षं झाली, कल्याणी येरवड्यात राहायला आली नव्हती. सहा वर्षांची असताना ती मे महिनाभर याच धाकट्या खोलीत होती. दुपारी आजोबांजवळ पाढे, संध्याकाळी गच्चीवर पतंग. एके संध्याकाळी बोर्ड पार पाच फुटांवर म्हणून ती स्टुलावर चढली, पंख्याचं बटण दाबलं आणि बोर्डातून ठिणग्या उडाल्या. पोरीला काही झालं नाही. पण सोनालीने दुसऱ्याच दिवशी तिला नेलं. जाताना म्हणाली होती, "बाबा, आधी वायरिंग बदला. मग पाठवते."

बदलायचं, बदलायचं म्हणत वर्षं गेली. आधी कांताबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन आलं, मग सोसायटीचं पुनर्विकासाचं गुऱ्हाळ. "बिल्डिंगच पाडणार आहेत, वायरिंग कशाला?" असं सगळे म्हणत. बिल्डिंग जागची हलली नाही. कल्याणी मात्र दिवाळीला, आंबेडकर जयंतीला यायची, दुपारचं जेवायची आणि दिवेलागणीच्या आत परत जायची.

मेल गेली. दोन दिवसांनी समाधान येऊन घर पाहून गेला. पट्टीने भिंती मोजल्या, मीटरचा फोटो घेतला, जुना बोर्ड उघडून काळवंडलेली वायर बोटावर वाकवून पाहिली. ती कोरड्या काडीसारखी मोडली.

"सर, हिने आजवर तुम्हाला सांभाळलं, हेच नशीब समजा," तो म्हणाला.

आठवड्याने कोटेशन आलं, सविस्तर. सरांनी पेन्सिल घेऊन एकेक ओळ तपासली. सगळं होतं : पॉइंट मोजलेले, तारेची जाडी लिहिलेली, राडारोडा धरलेला. शेवटी दोन टिपा मात्र वेगळ्या होत्या.

"घरात राहून एकेक खोली रिकामी करत काम करावे लागेल, म्हणून साधारण चार आठवडे. हातातले काम एप्रिलअखेर संपते. मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू करू शकतो. दोन एसी चालवायचे असल्यास वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल, त्याचा अर्ज मी करून देईन.

"धाकट्या खोलीचा बोर्ड तीन फुटांवर लिहिला आहे. मोठ्यांना वाकावे लागेल. लहान मूल असल्यास वय आणि उंची कळवावी."

सरांनी दुसरी टीप बाजूला ठेवली. पहिलीवरच त्यांची नजर अडली. सुट्टी मेची, आणि काम मे खाणार. त्यांनी समाधानला फोन लावला.

"धाकटी खोली आधी करून देता येईल का? सुट्टीत नात यायची आहे. बाकीचं जूनमध्ये?"

"खोली आधी करीन सर. पण तिची तार मेन बोर्डातून येते. बोर्ड आणि अर्थिंग आधी नको? आणि बाहेर झिरी मारताना घरभर धूळ. पोरगी झोपेल कशी त्यात?"

"बरोबर आहे," सर म्हणाले. चुकीचं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

मग त्यांनी हडपसरला फोन केला.

"चार आठवडे? मग तुम्हीच दोघं इकडे या की," सोनाली म्हणाली.

"घर उघडं टाकून? कामावर नजर नको?"

"बाबा, तुम्हाला नजर ठेवायला वर्ग हवाच."

"कल्याणीला दे."

कल्याणीचा आवाज आता जाडसर झाला होता. "आजोबा, मेमध्ये माझा बास्केटबॉलचा कॅम्प आहे."

"जूनमध्ये? शाळा सुरू व्हायच्या आधी?"

"बघू."

हे 'बघू' सरांना चांगलंच ओळखीचं होतं. वायरिंगच्या बाबतीत त्यांनी स्वतः पाच वर्षं तेच म्हटलं होतं.

"बरं, एक काम कर. तुझी उंची सांग."

"कशाला?"

"इलेक्ट्रिशियन विचारतोय."

ती हसली. मग फोन बाजूला ठेवल्याचा, टेप शोधल्याचा, "आई, धर ना नीट" असा आवाज आला. "चार फूट आठ इंच. टीममध्ये मी सगळ्यात उंच आहे."

सर फोन कानाला धरून धाकट्या खोलीच्या दारात गेले. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. सर्वांत वरची त्या मे महिन्यातली, तीन फूट आठ इंचांवर. तिच्यावरून हिशेब करूनच त्यांनी बोर्डाची उंची ठरवली होती. पाच वर्षं ही रेघ तिथेच थांबली होती, आणि त्यांच्या मनातली मुलगीही.

"आजोबा, आहात ना?"

"आहे, आहे."

"मग मी आले तर पलंगाजवळ चार्जिंगचा प्लग हवा. तिथे अजिबात नाहीये. आणि वाचायला दिवा."

"तर", ती म्हणाली होती. सरांनी तो शब्द तसाच राहू दिला.

त्या संध्याकाळी त्यांनी उत्तर लिहिलं :

"दर मान्य आहेत. मेच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू करावे. धाकट्या खोलीचा बोर्ड चार फुटांवर, म्हणजे नेहमीच्या उंचीवरच घ्यावा. मुलगी अकरा वर्षांची असून उंची चार फूट आठ इंच आहे. पलंगाजवळ चार्जिंगचा एक प्लग आणि वाचण्याच्या दिव्याचा एक पॉइंट वाढवून सुधारित कोटेशन पाठवावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात खोली राहण्याजोगी हवी."

पाठवण्याआधी कांताबाईंनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. "ती येते म्हणाली?"

"बघू म्हणाली."

"मग जूनचं कशाला लिहिता?"

"समाधानने बघू म्हणू नये म्हणून."

मेल गेल्यावर सर उठले, फूटपट्टी घेतली आणि चौकटीवर चार फूट आठ इंच मोजून पेन्सिल टेकवली.

"ओढू नका," कांताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांना तिथून दिसत नव्हतं, पण पन्नास वर्षांचा संसार होता. "ती आली की तिला उभी करा आणि मग ओढा. तोवर पाच फुटांचीही होईल."

सरांनी पेन्सिल मागे घेतली. धाकट्या खोलीत अंधार झाला होता. जुन्या बोर्डाला हात न लावता ते जरा वेळ तसेच उभे राहिले, हात चौकटीवर, तिचं डोकं जिथे येईल साधारण तिथे.