तिसरी कॅप्सूल

दाणे खसखशीपेक्षा थोडे मोठे. बशीत ओतले की टिचटिच वाजतात.

बाटलीभर दूध, एकशेवीस मिलिलिटर. त्यात चरबी चार पूर्णांक दोन ग्रॅम.

लंगोटावर तेलाचा डाग. दोनदा धुतला, तिथेच आहे.

गाजराला तीन शिट्ट्या.

खालच्या ओठाच्या आत एक फोड, पांढरा.

पाच किलो दोनशे.

हा शेवटचा आकडा वजनकाट्यावरचा. आहारतज्ज्ञ बाईंनी तो लिहिला आणि पेन खाली ठेवलं. मी पेनाकडेच बघत होते. खोलीला खिडकी नव्हती.

ठमी माझी मुलगी, पाच महिन्यांची. तिच्या स्वादुपिंडातून पाचकरस आतड्यात पोचत नाही. म्हणून प्रत्येक बाटलीच्या आधी त्याच पाचकरसाच्या दोन कॅप्सूल उघडायच्या, दाणे चमचाभर गरावर घालून भरवायचे. नाहीतर चरबी जशी गेली तशी बाहेर. आज वजन वाढलं नसेल तर दाखल करून नाकातून नळी घालायची, हे मागच्या भेटीत ठरलं होतं.

"तीन द्या ना कॅप्सूल," मी म्हणाले. "दोन पुरत नाहीत तिला."

बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला. "एका कॅप्सूलमध्ये तीन हजार युनिट. तीन म्हणजे नऊ हजार. सहा बाटल्या, चोपन्न हजार. भागिले पाच पूर्णांक दोन."

"दहा हजार तीनशे."

"दिवसाला एका किलोमागे दहा हजारांच्या वर जायचं नाही. आतड्याला इजा होते."

"म्हणजे वजन वाढलं तर कॅप्सूल वाढणार. आणि कॅप्सूल वाढल्याशिवाय वजन वाढणार नाही."

बाईंनी कागद परत आपल्याकडे ओढला. शेजारी बसलेल्या सासूबाई मध्येच बोलल्या. "हिशेबात हिचा हात कोण धरणार! रात्रंदिवस ग्रॅम, ग्रॅम. मला चहात साखर घालायची भीती वाटते."

"आई, दुपारची बाटली तुम्ही देता," मी म्हणाले. म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. पंधरा दिवस मनात तेच घोळत होतं: चुकत असेल तर त्यांचंच. माझं सगळं वहीत आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ठमीचं टोपडं सरळ केलं.

"दोघींनी करून दाखवा," बाई म्हणाल्या. "घरी करता तसंच."

मी डबा काढला. नारिंगी गर वाटीत घेतला, दोन कॅप्सूल उघडल्या, दाणे घातले, ढवळले, झाकण ठेवलं.

"हे काय?"

"गाजर. तोंडात फोड आला तेव्हापासून सफरचंद झोंबतं तिला. आंबट ना. एकदा चमचा थुंकला आणि इतकी रडली की..."

"झाकून किती वेळ?"

"बाटली होईपर्यंत. वीस मिनिटं."

"आणि आजी, तुम्ही?"

"माझं आपलं सफरचंदच, बाई. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलंत, तेच धरून बसलेय. दाणे घातले की लगेच तोंडात, मग बाटली. हिरड्यांवरून बोट फिरवते, दाणा अडकला तर काढते. माझ्यासारख्या बिनडोक बाईला दुसरं सुचणार काय?"

बाईंनी चार दाणे सासूबाईंच्या डब्यातल्या सफरचंदाच्या गरावर ठेवले. मग आम्ही वाट पाहिली. ठमी भुकेने माझी ओढणी चोखत होती. वीस मिनिटं फार मोठी असतात.

बाईंनी दोन्हीकडचा एकेक दाणा काडीने टोचला. सफरचंदातला टणक होता. गाजरातल्याचा चिकट लगदा झाला होता.

"दाण्याच्या कवचाला आंबट लागतं. आंबटात ते टिकतं. पोटही आंबट, तिथेही टिकतं. पुढे आतड्यात विरघळतं, तिथेच औषध हवं असतं. गाजर आंबट नाही. कवचाला वाटतं, आतडं आलं."

"मग औषध?"

"उघडं पडतं. तोंडात सालटं काढतं, उरलेलं पोटातल्या आम्लात मरतं. पहिला फोड बहुधा हिरडीत अडकलेल्या दाण्याचा. आताचा या गाजराचा."

माझी वही उघडी होती. पाच बाटल्या माझ्या, एक त्यांची. दिवसाला दहा कॅप्सूल मी वाटीतच मारत होते, वेळेसकट लिहून.

बाई फोनवर डॉक्टरांशी बोलल्या, मग आमच्याकडे वळल्या. "दोनच कॅप्सूल. सात दिवस. वाढलं नाही तर नळी."

सासूबाईंनी चमचा माझ्या हातात दिला. सफरचंदाचा, दाणे घातलेला. "घे. तूच भरव."

"रडेल, आई."

"रडू दे की. मी धरते."

ठमी रडली. मी चमचा आत घातला, बाटली लावली, मग बोट हिरड्यांवरून फिरवलं. फोडालाही लागलं. तिने ते चावायचा प्रयत्न केला, दात नसताना.

पहिल्यांदा गाजर उकडलं, त्या दिवशी ती पाच किलो तीनशे भरली होती.