कवडीचं कोठीपोट

कवडीचं संध्याकाळचं दूध बंद करून तिसरा दिवस होता आणि पहाटेपासून तिनं हंबरणंही सोडलं होतं. आक्काताईंना ते हंबरण्यापेक्षा वाईट वाटलं.

कवडी म्हणजे त्यांच्या मोठ्या होल्स्टिन गाईची कालवड. काळी, आणि कपाळावर पांढरा ठिपका. हातकणंगल्याच्या पलीकडे, शेतातल्या गोठ्यात ती जन्मली त्याला आज साठ दिवस झाले होते. गेल्या वर्षीची कालवडही अशीच होती. दूध तोडल्यावर तिचे केस राठ झाले, पोट लोंबायला लागलं, ती माती चाटायला लागली आणि वीस-बावीस दिवसांत गेली. तेव्हाच मुलगा संग्राम म्हणाला होता, "आई, आता येनारं बी गेलं तर इथनं पुढं वासरं पाळायची न्हाईत. जल्मली की द्यायची कुणालातरी." ती कालवड आपल्याच हातात गेली, हे आक्काताई विसरल्या नव्हत्या.

म्हणून या वेळी सगळं रीतसर चाललं होतं. वासरांच्या खाद्याचं, काफ स्टार्टरचं पोतं कवडी दहा दिवसांची असतानाच आणलं होतं. पोतं दर आठवड्याला खाली जात होतं. संग्राम येता-जाता पोत्यात डोकावून खूश होत होता. साठावा दिवस जवळ आला तसं त्यानं संध्याकाळचं दूध तोडलं आणि कवडीपुढं घमेलंभर स्टार्टर ठेवलं. तिनं त्याला तोंडसुद्धा लावलं नाही.

दहाच्या सुमाराला दूध संस्थेची पशुवैद्यक प्रियदर्शनी आली. उचगावची पोरगी, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. तिनं स्कूटी चिंचेखाली लावली, हात धुतले आणि कवडीच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून बराच वेळ उभी राहिली. मग ताप बघितला. ताप नव्हता.

"रवंथ करते का ही?"

संग्रामनं आईकडं बघितलं. आक्काताई म्हणाल्या, "बघितलं न्हाय बाई. एवढंसं तर हाय."

"साठ दिवसांची आहे, मावशी. करायला पाहिजे. स्टार्टर किती खाते?"

"रोज अर्धा किलो तरी," संग्राम म्हणाला. "पोतं सरत आलं की."

प्रियदर्शनीनं घमेल्यातलं मूठभर घेऊन कवडीच्या नाकाशी धरलं. कवडीनं हुंगलं आणि मान वळवली. "हिला हे काय असतं तेच माहीत नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "कोण घालतंय हिला?"

"मी घालते की," आक्काताई म्हणाल्या. "दुधात कालवून. दोन मुठी सकाळी, दोन संध्याकाळी. आदल्या राती भिजवून ठेवायचं, मग कोमट दुधात पातळ करायचं. गटागटा पिती."

बोलताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानच होता. गाईला पेंड भिजवल्याशिवाय त्यांनी कधी दिली नव्हती, मग एवढ्याशा वासराला कोरडं कसं देणार?

"आणि पाणी?"

"दूध पितंय की. पाणी कशाला?"

संग्राम कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, मी तुला काय सांगिटलं हुतं?"

"तू पोतं आणून टाकलंस आणि गेलास," आक्काताई म्हणाल्या. "त्यात काय सांगिटलंस?"

"संग्रामदादा, तुम्ही पोतं बघत होता, वासराचं तोंड नाही बघितलं," प्रियदर्शनी म्हणाली. मग ती आक्काताईंशेजारी उकिडवी बसली. "मावशी, तुमच्याकडे गोबरगॅस आहे ना? टाकी नवी बांधली तेव्हा पहिल्या दिवशी शेगडी पेटली का?"

"कुठली? वीस-पंचवीस दिवस गेलं. रोज शेण आणि पाणी कालवून वततोय वततोय, मग गॅस धरला."

"हिचं कोठीपोट, म्हणजे रवंथाचं पहिलं मोठं पोट, तसंच. जन्मताना ते एवढंसं आणि आतून गुळगुळीत असतं. धान्य आणि पाणी तिथं पडलं की जंतू वाढतात, ते आंबतं, आणि त्या आंबण्यातनं जे आम्ल तयार होतं त्यानं पोटाच्या आतल्या भिंतीला टॉवेलसारखी लव येते. ती लव आली की खाल्लेलं अंगी लागतं. पण दूध प्यायलं की नरड्याखाली एक पन्हळ मिटून तिची नळी होते आणि दूध कोठीपोटाला वळसा घालून सरळ पुढच्या पोटात जातं. तुम्ही दुधात कालवलेलं स्टार्टर बहुतेक सगळं त्याच वाटेनं पुढं गेलं. टाकी कोरडीच राहिली."

आक्काताईंनी कवडीकडं बघितलं. मधूनमधून तिचं शेण पातळ होत होतं, ते न पचलेल्या दाण्यांमुळं, हेही आता कळलं. "मग गेल्या सालचं बी..."

"ते मी बघितलं नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "तसंच झालं असेल. पण ही अजून हातात आहे. टाकी भरायला घ्यायची, एवढंच."

तिनं सांगितलं ते असं: दूध पुन्हा दोन्ही वेळा, नुसतं, त्यात काही कालवायचं नाही. दूध संपलं की लगेच ओलसर तोंडात चिमूटभर कोरडं स्टार्टर घालायचं. घमेल्यात रोज ताजं, थोडंच. उरलेलं सकाळी गाईला. स्वच्छ पाण्याची बादली कायम समोर. आणि साठ दिवसांची तारीख विसरायची. ती सलग तीन दिवस रोज किलोभर खाईल तेव्हा संध्याकाळचं दूध तोडायचं, आठवड्यानं सकाळचं.

पहिल्या दिवशी चिमूट बाहेरच आली. दुसऱ्या दिवशी अर्धी. आक्काताईंनी बोटाला दूध लावून त्यावर दाणे चिकटवले आणि बोट तिला चोखायला दिलं. मग बोट हळूहळू घमेल्यात नेलं. चौथ्या दिवशी कवडीनं बोटाची वाट बघितली नाही. पाणी मात्र ती पहिल्याच दिवशी अर्धी बादली प्यायली होती, ते बघून आक्काताईंनी तोंडाला पदर लावला.

घालायचं आणि उरलेलं, दोन्ही संग्राम वजन करू लागला. दीडशे ग्रॅम. तीनशे. मग दोन दिवस तिथंच अडलं, तेव्हा तो आईपेक्षा जास्त कासावीस झाला. "पोत्यात बघ की जाऊन," आक्काताई म्हणाल्या. पुढच्या दिवशी काटा साडेचारशेवर गेला.

त्याच दुपारी आक्काताई वैरण टाकायला गेल्या तेव्हा कवडी बसली होती. पुढं काही नव्हतं, तरी तोंड चाललं होतं. त्या तिथंच थांबल्या. कवडीनं गिळलं, क्षणभर गप्प राहिली, मग गळ्याखालून एक गोळा वर सरकताना स्पष्ट दिसला आणि जबडा पुन्हा आडवा फिरू लागला. त्यांनी संग्रामला हाक मारली नाही. आधी एकटीनंच पोटभर बघून घेतलं.

एकविसाव्या दिवशी सलग तिसऱ्यांदा किलोच्या वर आकडा आला. संध्याकाळचं दूध सुटलं. कवडी दोनदा ओरडली आणि घमेल्याकडं वळली. आठवड्यानं सकाळचं सुटलं. त्या दिवशी आक्काताई रिकाम्या हातानं गोठ्यात गेल्या. कवडीनं त्यांचे हात हुंगले, मनगट चाटलं, आणि मागं फिरून दाणे कुरकुर चावायला लागली. मग पाणी प्यायली. केस चकचकीत, पोट दोन्ही बाजूंनी सारखं.

संग्राम घमेल्याशी उकिडवा बसला होता. "आई, धाकटी गाय दिवाळीच्या पुढं व्यायला येनार," तो म्हणाला. "त्या वासराचं कोन बघनार?"

"तू द्यायला निघाला हुतास की."

"ते मागं म्हटलं हुतं."

आक्काताईंनी पाण्याची बादली कवडीपुढं सरकवली. "मीच बघनार," त्या म्हणाल्या. "आणि दुधात एक दाना पडनार न्हाय. तू तेवढा तोंडाकडं बघायला ये."